दोनदा होकार कधी दिला?

सांगलीच्या मावशीचा एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मोबाइलच्या बिलाचा. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘अरे, हे जास्तीचे कशाचे लावलेत, बघ जरा.’

तिचा पोस्टपेड प्लॅन महिना ३९९ रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. बिल आलं होतं ५८७ रुपये ६४ पैशांचं. म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे जास्तीचे. फरक असा उघडा पडला की त्याला १.१८ने भागून बघावं, कारण कर प्रत्येक आकारणीवर लागतो. इथे भागाकार बरोबर ९९ आला. दुसऱ्या पानावर ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिसेस’ या शीर्षकाखाली ९९ची एक ओळ होती आणि पुढे सेवेचं नाव म्हणून नुसता एक संकेतांक.

जास्तीचं दिसतं ते सगळंच चुकीचं नसतं. महिन्याच्या मधेच प्लॅन बदलला तर जुन्या प्लॅनचे काही दिवस, नव्याचे काही दिवस आणि पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं असं सगळं एकाच बिलात येतं. परदेशात फोन आला-गेला असेल, मागचं बिल उशिरा भरलं असेल, तरी आकडा फुगतो. मावशीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तिने ना प्लॅन बदलला होता, ना ती सांगलीबाहेर गेली होती.

मी एसटीत होतो. तिथूनच, तिच्या वतीने, माझ्या मेलवरून तक्रार लिहिली. ती आठवली की आजही मला वाईट वाटतं. ‘तुम्ही ग्राहकांना लुटता, वयस्कर माणसांना फसवता, ताबडतोब पैसे परत करा.’ राग खरा होता, पण त्या मेलमध्ये बिलाची तारीख नव्हती आणि नेमक्या कोणत्या ओळीबद्दल तक्रार आहे तेही नव्हतं. दोन दिवसांनी साचेबंद उत्तर आलं: बिल आपल्या प्लॅननुसार बरोबर आहे, आणि खात्याची माहिती हवी असल्यास नोंदणीकृत ईमेलवरून लिहावं. नोंदणी काकांच्या नावावर, आणि ईमेल पुण्यातल्या मावसभावाचा! कनेक्शन घेताना त्याने स्वतःचा दिला होता. सगळी बिलंही त्याच्याच मेलवर जात होती.

दुसरा मेल त्याच्या पत्त्यावरून त्यानेच, फोनवरूनच पाठवला. या वेळी आम्ही आधी तयारी केली. फोनवर बिल आणि मेल एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं अवघड जातं, इकडून तिकडे जाताना आकडे चुकतात. म्हणून बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम त्याने आधी कागदावर उतरवली. बिलाची पीडीएफ पासवर्डने बंद असते, तशीच जोडली तर वाचणाऱ्याला उघडता येईलच असं नाही. त्यामुळे ती ओळ ज्या पानावर आहे त्याचा स्क्रीनशॉट घेतला, वरचा बिल क्रमांक दिसेल असा. पाठवण्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरला, म्हणजे बोट चुकून लागलं तरी अर्धवट मेल जाणार नाही.

आणि या शोधात त्याच्या लक्षात आलं की आधीच्या दोन बिलांतही तीच ओळ आहे. पैसे बँकेतून आपोआप वळते होत होते, म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. तीन महिन्यांचे झाले ३५० रुपये ४६ पैसे.

मेल असा होता:

‘विषय: बिलातील मूल्यवर्धित सेवेच्या आकारणीबद्दल तक्रार. मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक, बिल क्रमांक.

सोबतच्या बिलात दुसऱ्या पानावर मूल्यवर्धित सेवेपोटी ९९ रुपये आणि त्यावरचा कर लावला आहे. मागच्या दोन बिलांतही हीच आकारणी आहे. एकूण ३५०.४६ रुपये. ही सेवा आम्ही मागितलेली नाही. ती कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मार्गाने सुरू झाली आणि ग्राहकाचे दोन्ही होकार कसे नोंदले गेले, ती नोंद पाठवावी. नोंद नसल्यास सेवा बंद करून रक्कम परत करावी. या तक्रारीचा डॉकेट क्रमांक कळवावा.’

या मेलचा सगळा जोर ‘दोन्ही होकार’ या शब्दांवर आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३मध्ये दिलेल्या निर्देशानुसार अशी सशुल्क सेवा एका होकारावर सुरू करता येत नाही. ग्राहकाने मागणी केल्यावर त्याच्याकडून पुन्हा एकदा, वेगळी खातरजमा करून घ्यावी लागते. जाहिरातीवर चुकून बोट पडणं म्हणजे होकार नव्हे. ‘जास्त पैसे का लावले?’ या प्रश्नाला ‘प्लॅननुसार’ हे उत्तर चालून जातं. ‘होकाराची नोंद दाखवा’ म्हटल्यावर ते चालत नाही. तिथे एकतर नोंद दाखवावी लागते, नाहीतर पैसे सोडावे लागतात.

सेवा बंद करायला मात्र मेलच्या उत्तराची वाट बघू नये. त्यासाठी ट्रायने १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक ठरवून दिला आहे. तो त्याच सिमवरून लावायचा. मावशीने स्वतः लावला आणि चालू असलेली सेवा बंद केली.

बिल भरायचं की नाही, हा पेच उरतोच. वाद ९९ रुपयांचा असला तरी बिल थकलं म्हणून फोन बंद पडू शकतो, वर विलंब शुल्क लागतं. कंपनीने वादातली रक्कम बाजूला ठेवल्याचं लेखी कळवलं, तर उरलेली तेवढी भरावी. तसं कळवलं नाही आणि मुदत जवळ आली, तर पूर्ण रक्कम भरून त्याच मेलच्या धाग्यात लिहावं की ‘हरकत कायम ठेवून भरणा केला आहे.’ आम्ही तेच केलं.

डॉकेट क्रमांक दुसऱ्या दिवशी एसएमएसने आला. तो आला नाही तर १९८वर फोन करून मागून घ्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. बिलाच्या तक्रारीच्या निकालाला मुदत ठरवून दिलेली आहे. निकाल पटला नाही किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो.

त्यापुढे ग्राहक आयोग आहे. काही वर्षं कंपन्या तिथे म्हणत असत की दूरसंचाराचे वाद ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याचं भाडं २४९ रुपये असताना २४ हजारांवर बिल आलं होतं. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये तो मुद्दा फेटाळला आणि ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा असल्याचं स्पष्ट केलं.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी उत्तर आलं. होकाराची नोंद त्यात नव्हतीच. ‘सद्भावना म्हणून’ रक्कम परत करत असल्याचं लिहिलं होतं, आणि पुढच्या बिलात ३५० रुपये ४६ पैसे वजा होऊन आले. सद्भावना हा शब्द मला मान्य नाही. ते मावशीचेच पैसे होते.

तुमचंही बिल बँकेतून आपोआप भरलं जात असेल, तर मागच्या तीन महिन्यांची बिलं आज उघडा आणि दुसरं पान वाचा.