डाउन पेमेंट किती भरायचं?

दूध डेअरीला न्यायचं, मुलीला कॉलेजला सोडायचं, म्हणून आमच्या गटातल्या एका ताईंनी स्कूटी घ्यायचं ठरवलं. रस्त्यावर येईपर्यंतची किंमत १ लाख. शोरूमवाला म्हणाला, "फक्त १० हजार भरा आणि गाडी घेऊन जा." ताईंकडे ३० हजार साठलेले होते. मग आम्ही सगळ्याजणी वही घेऊन बसलो.

व्याज वर्षाला १२ टक्के, शिल्लक मुद्दलावर, मुदत ३ वर्षं. १० हजार भरले तर कर्ज ९० हजारांचं. हप्ता साधारण २,९९० रुपये आणि ३ वर्षांचं एकूण व्याज सुमारे १७,६०० रुपये. ३० हजार भरले तर कर्ज ७० हजारांचं. हप्ता २,३२५ आणि व्याज १३,७०० रुपये. म्हणजे २० हजार आधी भरल्यामुळे सुमारे ३,९०० रुपये वाचतात. कारण साधं आहे. जे पैसे कर्जाऊ घेतलेच नाहीत, त्यांच्यावर व्याज चढत नाही.

पण हे वाचलेले पैसे निसटतात कुठे, तेही सांगतो.

शोरूममध्ये "डाउन पेमेंट ३० हजार" म्हणतात, तेव्हा त्यात कधी कधी प्रोसेसिंग फी आणि इतर आकारही धरलेले असतात. मग गाडीच्या किमतीतून तेवढे पैसे कमी होत नाहीत. म्हणून भरायचे किती एवढंच विचारू नका. माझ्या नावावर कर्जाची रक्कम किती लागणार, हे विचारा. व्याज त्या रकमेवर बसतं.

दुसरं, व्याज कसं मोजतात ते विचारा. फ्लॅट दरात हप्ते फेडत गेलो तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवरच लागतं. ७० हजारांवर फ्लॅट १२ टक्क्यांनी ३ वर्षांचं व्याज २५,२०० रुपये होतं. ३० हजार आधी भरूनही, शिल्लक मुद्दलावरच्या ९० हजारांच्या कर्जापेक्षा हे जास्तच! सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात एपीआर, म्हणजे व्याज आणि आकार धरून पडणारा वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो. दोन ठिकाणचा एपीआर शेजारी ठेवून पाहा.

तिसरं, डाउन पेमेंटचे पैसे आणायचे कुठून? तेच २० हजार शेकडा २ रुपये महिना व्याजाने काढून ३ वर्षांत फेडले, तर त्यांचंच व्याज सुमारे ८,२०० रुपये होईल. ३,९०० वाचवायला ८,२०० घालवण्यात काय हशील?

आमच्या ताईंनी साठवलेल्यातले २० हजार भरले. १० हजार दुखण्याखुपण्याला मागे ठेवले. थोडं व्याज जास्त गेलं, पण अडीअडचणीला दुसरं महागडं कर्ज काढायची वेळ येऊ नये, हाही हिशेबच आहे.