न दिसलेले सव्वा मिनिट

जलतरण तलावावर कोणी बुडता बुडता वाचले, की तिथल्या जीवरक्षकाला त्याच दिवशी अहवाल लिहावा लागतो. त्यात काय घडले ते असतेच, पण खरा भर वेळेवर असतो. माणूस पाण्याखाली किती वेळ होता आणि त्याच्या छातीत पुन्हा हवा कधी गेली, या दोन गोष्टींवर त्याच्या मेंदूचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते. दवाखान्यातला डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतो. बुडण्याच्या घटनांची नोंद जगभर एकाच पद्धतीने व्हावी म्हणून तज्ज्ञांनी २००३ मध्ये ‘उट्स्टाइन’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातही पाण्याखालच्या वेळेला मोठे स्थान आहे.

असा अहवाल कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी एक कल्पित, पण नेहमीच्या धाटणीचा प्रसंग घेऊ. मे महिन्याच्या सुट्टीतली सकाळची बॅच. २५ मीटर लांबीचा तलाव, उथळ भागात साडेतीन फूट पाणी आणि मध्यापासून तळाला उतार. अकरा वर्षांचा, जेमतेम पोहू शकणारा मुलगा मित्रांच्या मागून उताराकडे सरकतो आणि त्याचे पाय टेकेनासे होतात.

जीवरक्षकाची पहिली आठवण अशी की, ‘मुलगा दिसला आणि मी लगेच उडी मारली.’ मित्र सांगतात, ‘तो पाच मिनिटे खाली होता.’ दोघेही खोटे बोलत नाहीत. घाबरलेल्या माणसाचे घड्याळ बिघडलेलेच असते. म्हणून अहवाल लिहिताना कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले जाते. इथे एक साधी, पण अनेकदा राहून जाणारी गोष्ट असते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का? चित्रणात व्यवस्थापक १०८ ला फोन लावताना दिसतो ७ वाजून ४६ मिनिटांनी, तर त्याच्या मोबाइलमध्ये तोच फोन ७:४४ चा आहे. म्हणजे कॅमेरा दोन मिनिटे पुढे आहे. सगळ्या वेळा तेवढ्याने मागे घेऊनच लिहायच्या, आणि तसे अहवालात नमूद करायचे.

या दुरुस्तीनंतरचा क्रम असा. ७:४२:३० ला मुलगा पाण्यात उभा होतो, डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबणारे. तो ओरडत नाही आणि हात हलवून कोणाला बोलावतही नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, त्यात हाक मारायला सवड नसते. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने १९७० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रफिती पाहून ही अवस्था नेमकी वर्णिली. ती साधारण २० ते ६० सेकंद टिकते, मुलांमध्ये त्याहून कमीही. इथे ७:४२:५० ला मुलगा पाण्याखाली गेला आणि वर आला नाही.

जीवरक्षकाची शिटी वाजते ७:४३:४५ ला. मुलगा अडचणीत आल्यापासून सव्वा मिनिट गेलेले असते. अनेक तलावांवर प्रशिक्षणात दहा सेकंदांत ओळखा आणि पुढच्या वीस सेकंदांत पोहोचा, असा दंडक शिकवतात. पोहोचण्याचा भाग इथे जवळपास पाळला गेला: ७:४४:१० ला मुलाचे तोंड पाण्यावर आहे आणि ७:४४:३५ ला तो काठावर उताणा झोपवला आहे. चुकले ते ओळखण्यात.

काठावर आणल्यावर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा केला. श्वास चालू आहे का हे दहा सेकंद पाहिले. नव्हता. ७:४४:४५ ला पहिला श्वास तोंडाने दिला गेला. बुडण्यात हृदय बहुधा शेवटी थांबते, आधी प्राणवायू संपतो. म्हणून छाती दाबण्याआधी श्वास द्यायचे. युरोपातली पद्धत सुरुवातीला पाच श्वासांची आहे, अमेरिकेतली दोन. प्रत्येक श्वास सुमारे एक सेकंदाचा आणि छाती उचललेली डोळ्यांना दिसेल एवढाच. या जीवरक्षकाने पाच दिले. तरीही हालचाल नाही, म्हणून छाती दाबणे सुरू झाले: छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मुलाच्या छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर खोल. तीस दाब, मग दोन श्वास. मुलांसाठी दोन प्रशिक्षित माणसे असतील तर पंधराला दोन हे प्रमाण चालते, पण दुसरा जीवरक्षक त्या वेळी बाकीच्यांना पाण्याबाहेर काढत होता. हेही अहवालात लिहायचे, नाहीतर वाचणाऱ्याला तीसचा आकडा चूक वाटेल.

याच वेळी काठावरून सल्ले येतातच. पालथा घाला, पोट दाबा, पायांना धरून गरगर फिरवा. फुप्फुसात गेलेले पाणी सहसा थोडे असते, आणि पोट दाबल्याने बाहेर येते ते मुख्यतः पोटातले. ते घशाशी येऊन उलट श्वासनलिकेत उतरू शकते. तोंडावर फेस आला तरी तो पुसत बसायचे नाही, त्यातूनच श्वास द्यायचे. उलटी मात्र पुष्कळदा होते. इथेही दुसऱ्या फेरीत झाली. मुलाला कुशीवर वळवून तोंड साफ केले आणि लगेच पुन्हा उताणे केले. त्यात गेलेली दहा सेकंदेही नोंदलेली हवीत.

७:४६:४० ला मुलगा खोकला आणि श्वास घेऊ लागला. शेवटच्या स्वतःच्या श्वासापासून पहिल्या दिलेल्या श्वासापर्यंत दोन मिनिटांना पाच सेकंद कमी. पाण्याखालचा वेळ पाच मिनिटांच्या आत असेल तर बरे होण्याची शक्यता चांगली असते. त्याला कुशीवर झोपवून कोरड्या टॉवेलात गुंडाळले आणि मास्कने प्राणवायू लावला. रुग्णवाहिका ७:५८ ला आली.

तोवर मुलगा बोलत होता आणि त्याला घरी न्यायची आईवडिलांची इच्छा होती. अहवालात ‘शुद्धीवर, बोलतो, तरी दवाखान्यात पाठवला’ असे लिहिण्याचे कारण आहे. फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा पातळ थर पाण्याने खराब होतो, आणि रक्तातला प्राणवायू पुढच्या काही तासांत घटू शकतो. खोकला थांबत नसेल किंवा श्वास जलद असेल तर धोका अधिक. ज्यांना अगदी सौम्य त्रास झाला, त्यांनाही चार ते आठ तास निरीक्षणाखाली ठेवतात. ज्याला कृत्रिम श्वास द्यावा लागला त्याला दवाखान्यात दाखल करणे भागच असते.

उरतो तो सव्वा मिनिटाचा प्रश्न. ‘जीवरक्षकाचे दुर्लक्ष’ हे उत्तर सोपे असते आणि पुष्कळदा अपुरे. म्हणून चांगल्या अहवालात ‘पाहिले’ आणि ‘अंदाज’ असे दोन भाग वेगळे ठेवतात. पाहिलेली गोष्ट अशी की, खुर्ची तलावाच्या पश्चिम काठावर होती, तोंड पूर्वेला, आणि मुलगा तळाशी होता त्या जागेवर पाणी चकाकत होते. ऊन आडवे आले होते हे कारण असावे, हा अंदाज. तो तपासता येतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तलाव रिकामा असताना, उताराच्या त्या जागी मुलाच्या आकाराची, वजन लावलेली बाहुली तळाला ठेवायची आणि खुर्चीत बसलेल्याला ती दिसते का ते पाहायचे. दिसली नाही, तर सकाळच्या बॅचला खुर्ची पूर्व काठावर हलवायची आणि तिथून पुन्हा तीच चाचणी घ्यायची. दोन्ही वेळचे निकाल तारखेसह अहवालाला जोडले जातात.