निकालपत्रकातील ७५ टक्क्यांची लाल खूण : ती कशी लागते, कधी चुकते आणि तिचं काय करायचं?



वार्षिक निकालाची एक्सेल शीट तुम्हां सगळ्यांकडे पोहोचली आहे. ती उघडली की काही विद्यार्थ्यांची ओळ लाल दिसते आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘७५% खाली’ असं येतं. त्यावरून तीन प्रश्न वारंवार विचारले जातात. टक्केवारी ७५ दिसत असूनही ओळ लाल का? उशिरा दाखल झालेलं लेकरू रोज शाळेत येतं, तरी त्याला खूण का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, लाल ओळ आली तर निकाल राखून ठेवायचा का? या तिन्हींची उत्तरं या पत्रात देतो.

खूण लागते कशी?

शीटमध्ये C रकान्यात त्या विद्यार्थ्याला लागू असलेले कामाचे दिवस आहेत आणि D मध्ये हजर दिवस. हे दोनच आकडे आपण हजेरीपटावरून भरायचे. E मध्ये टक्केवारी आणि F मध्ये शेरा आपोआप येतो. पहिला विद्यार्थी पाचव्या ओळीत आहे, म्हणून E5 मध्ये हे सूत्र आहे :

```
=IF(OR(C5=0,D5=""),"",D5/C5)
```

आणि F5 मध्ये हे :

```
=IF(E5="","माहिती अपूर्ण",IF(D5>C5,"तपासा",IF(E5<0.75,"७५% खाली","")))
```

दुसरं सूत्र सावकाश वाचा. आकडा भरायचा राहिला असेल तर ‘माहिती अपूर्ण’ येतं. ही अट नसती तर एक्सेलने रिकामा रकाना शून्य धरला असता आणि नियमित येणाऱ्या मुलालाही शून्य टक्के देऊन लाल केलं असतं. हजर दिवस कामाच्या दिवसांपेक्षा जास्त भरले गेले तर ‘तपासा’ येतं. या दोन्हींत बसत नसेल तेव्हाच शीट ७५ टक्क्यांची तुलना करते.

तुलना ०.७५ शी आहे, ७५ शी नाही. रकान्यात आपल्याला ७५% दिसत असले तरी एक्सेलच्या पोटात ती किंमत ०.७५ असते. कुणी सूत्रात बदल करून तिथे ७५ टाकलं तर अख्खा वर्ग लाल होईल. सगळ्या ओळी एकदम लाल झाल्या तर आधी हेच तपासा.

७५ दिसतात, तरी लाल का?

समजा वर्षाचे कामाचे दिवस २२० आहेत. त्याचे ७५ टक्के म्हणजे बरोबर १६५ दिवस. १६५ दिवस हजर असलेल्याला खूण लागत नाही, कारण सूत्रात ‘पेक्षा कमी’ आहे, ‘पर्यंत’ नाही. पण १६४ दिवस हजर असलेल्याची टक्केवारी ७४.५४ येते. रकाना दशांशाशिवाय दाखवायला ठेवला असेल तर एक्सेल ती ७५% अशी दाखवतं. म्हणजे डोळ्यांना ७५ दिसतात, पण तुलना मूळ किमतीशी होते. शीट बरोबरच आहे, फक्त दाखवण्याची पद्धत फसवी आहे. E रकान्याचं स्वरूप `0.0%` असं करून घ्या, म्हणजे ७४.५% दिसेल आणि शंका राहणार नाही. काही जण अशा वेळी हाताने १६५ टाकून मोकळे होतात. तसं करू नका. हजेरीपट आणि निकालपत्रक यांचा मेळ बसलाच पाहिजे.

खरी मेख कामाच्या दिवसांत आहे

हजर दिवस मोजताना आपण सहसा चुकत नाही. चूक होते ती C रकान्यात. बहुतेक वेळा वर्गाचे २२० दिवस वरून खालपर्यंत ओढले जातात आणि सगळ्यांना सारखेच लागतात. पण ते सगळ्यांना लागू नसतात.

एक उदाहरण घेऊ. जूनचे १२ आणि जुलैचे २६ असे ३८ दिवस होऊन गेल्यावर, १ ऑगस्टला एक मुलगी दुसऱ्या गावाहून आपल्याकडे दाखल झाली. पुढे ती १५० दिवस हजर राहिली. २२० ने भागलं तर ६८.२ टक्के येतात, ओळ लाल. पण पहिल्या ३८ दिवसांत ती आपल्या पटावरच नव्हती. तिला लागू दिवस २२० वजा ३८, म्हणजे १८२. आता १५० भागिले १८२ केलं की ८२.४ टक्के येतात. खूण गेली आणि तीच खरी स्थिती आहे. म्हणून C रकाना भरताना प्रत्येक नावापुढची दाखल तारीख एकदा बघा.

दुसरं उदाहरण आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कुटुंबं बाहेर पडतात आणि हंगाम संपला की परत येतात. समजा चौथीतला एक मुलगा ऑक्टोबरअखेर १०१ पैकी ९७ दिवस हजर होता. नोव्हेंबर ते मार्च या १०९ दिवसांत तो गावात नव्हता. परत आल्यावर एप्रिलच्या १० पैकी ८ दिवस आला. एकूण १०५ भागिले २२०, म्हणजे ४७.७ टक्के. ओळ लाल.

पण जाताना त्याला शिक्षण हमी पत्रक दिलं असेल आणि तो कारखान्याजवळच्या शाळेत बसला असेल, तर त्याची शाळा सुटलेलीच नाही. समजा तिकडे त्या काळात कामाचे दिवस १०४ झाले आणि तो ७० दिवस हजर होता. मग त्याचे कामाचे दिवस १०१ + १०४ + १० = २१५ आणि हजर दिवस ९७ + ७० + ८ = १७५. टक्केवारी ८१.४. मुलगा तोच आणि वर्षही तेच, पण एका हिशोबाने ४७ आणि दुसऱ्याने ८१. म्हणून स्थलांतरित मुलाची ओळ लाल दिसली की आधी तिकडच्या शाळेची नोंद मागवा. फोनवर ऐकलेला आकडा भरू नका. तिथल्या मुख्याध्यापकांच्या सहीची नोंद आली की मगच C आणि D दोन्ही बदला. फक्त D मध्ये ७० मिळवले आणि C तसाच २२० ठेवला, तर दोन शाळांच्या दिवसांची सरमिसळ होते.

नोंद आलीच नाही किंवा तो तिकडे शाळेत गेलाच नाही, तर ४७.७ हाच आकडा राहील. तो लपवायचा नाही, कारण त्या मुलाचं जवळपास अर्धं वर्ष बुडालंय हे पुढच्या वर्गशिक्षकांना कळायला हवं.

लाल ओळ म्हणजे नापास नाही

दहावी-बारावीला बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते. ती डोक्यात असल्याने काही जण प्राथमिकलाही तेच लावतात. शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वयाच्या बालकांसाठी आहे, आणि उपस्थिती कमी आहे एवढ्या कारणावरून त्या वयाच्या लेकराला त्याच वर्गात बसवून ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षेची तरतूद आली, पण तिथेही प्रश्न परीक्षेतल्या गुणांचा आहे, हजेरीचा नाही. तेव्हा प्रगतिपुस्तकावर ‘उपस्थिती कमी असल्याने निकाल राखीव’ असा शेरा लिहू नका. ही खूण आपल्या वापरासाठी आहे, पालकाला धाक दाखवण्यासाठी नाही.

खूण एप्रिलपर्यंत थांबू नये

ऊसतोडीला गेलेल्या मुलाचंच उदाहरण पुन्हा बघा. वर्षाची एकत्रित टक्केवारी महिन्यागणिक काढली तर नोव्हेंबरअखेर ती ९७ भागिले ११६, म्हणजे ८३.६ येते. मुलगा महिनाभर शाळेत नाही आणि शीट मात्र शांत! डिसेंबरअखेर ९७ भागिले १४१, म्हणजे ६८.८ टक्के होतात, तेव्हा कुठे ओळ लाल होते. सुरुवातीचे चांगले महिने पुढची गैरहजेरी झाकून टाकतात.

याला सोपा उपाय आहे. तीच दोन सूत्रं प्रत्येक महिन्याच्या शीटमध्ये टाका, पण C मध्ये त्याच महिन्याचे कामाचे दिवस आणि D मध्ये त्याच महिन्याची हजेरी ठेवा. नोव्हेंबरचे १५ पैकी ० दिवस, म्हणजे शून्य टक्के. खूण डिसेंबरऐवजी नोव्हेंबरच्या शेवटी लागली. D मध्ये शून्य लिहायला मात्र विसरू नका, रकाना कोरा ठेवला तर ‘माहिती अपूर्ण’ एवढंच येईल.

यात महिनाभराचा फरक पडतो आणि तो लहान नाही. आपल्याकडे एक महिन्यापेक्षा जास्त काळ सलग गैरहजर राहणारं बालक शाळाबाह्य धरलं जातं. नोव्हेंबरअखेर खूण दिसली तर घरी जाऊन आजी-आजोबांना विचारता येतं, कुटुंब कोणत्या कारखान्यावर गेलं ते मुकादमाकडून कळतं आणि तिथल्या शाळेला हमी पत्रक पाठवता येतं. एप्रिलमध्ये तीच खूण दिसली तर आपल्या हातात फक्त आकडा असतो.

महिन्याच्या शीटची एक मर्यादाही सांगतो. लेकरू तापाने आठ दिवस घरी राहिलं तरी १५ दिवसांच्या महिन्यात त्याची ओळ लाल होते. म्हणून महिन्याची खूण म्हणजे ‘चौकशी करा’ आणि वर्षाची खूण म्हणजे ‘नोंद ठेवा’, असा अर्थ घ्या. चौकशीत जे कारण कळेल ते G रकान्यात दोन शब्दांत लिहा : आजार, ऊसतोड, लहान भावंड सांभाळणे, गाव बदलले. वर्षअखेरीस ४७.७ च्या शेजारी कारण लिहिलेलं असलं, तर पुढच्या वर्गाच्या गुरुजींना किंवा बाईंना जूनमध्ये कुठून सुरुवात करायची ते समजेल.

निकाल अंतिम करण्याआधी आपल्या वर्गातल्या फक्त लाल ओळी घ्या आणि प्रत्येकीचा C रकाना दाखल तारखेशी आणि स्थलांतराच्या नोंदीशी ताडून बघा. त्यानंतरही ज्या ओळी लाल राहतील, त्या खऱ्या.

आपला,
प्राथमिक शिक्षक, चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी