एकाच रकान्यातली तारीख आणि वेळ

समजा, एका वाचनालयाने जून 2024 मध्ये निबंधस्पर्धा ठेवली आणि नावे नोंदवायला गूगल फॉर्म दिला. मुदत 20 जून, संध्याकाळी 6 वाजेपर्यंत. महिनाअखेरीस कार्यवाहांनी एवढंच विचारलं, की 3 जूनला किती नावं आली? शीट सांभाळणाऱ्याने तारखेवर मोजणीचं सूत्र लावलं, तर उत्तर शून्य. यादीत मात्र 3 जूनच्या डझनभर नोंदी डोळ्यांसमोर होत्या.

सूत्र बरोबर होतं. फॉर्मची उत्तरं शीटमध्ये येतात तेव्हा पहिला रकाना `Timestamp` नावाचा असतो आणि त्यात तारीख व वेळ एकत्र येतात. आपल्याला तिथे `6/3/2024 14:35:12` असं काहीतरी दिसतं, पण शीटने साठवलेला असतो एकच आकडा, 45446.60778. पूर्णांक म्हणजे ठरावीक आरंभदिनापासून मोजलेले दिवस, तर दशांश म्हणजे त्या दिवसाचा उलटून गेलेला भाग. दुपारी 12 म्हणजे 0.5, संध्याकाळी 6 म्हणजे 0.75. नुसतं 3 जून लिहिलं की शीट त्याचा अर्थ 45446 असा घेते, म्हणजे 3 जूनची मध्यरात्र. बरोबर त्या क्षणाला कोणीच फॉर्म भरलेला नसल्याने मोजणी शून्य येते.

हाच घोटाळा मुदतीच्या वेळी जास्त महागात पडतो. कोणी ‘20 जूनपर्यंतच्या’ नोंदी वेगळ्या काढताना या रकान्याला `<=` लावून नुसती तारीख दिली, तर 20 जूनला दिवसभरात आलेल्या सगळ्या नोंदी गळतात. शेवटच्या दिवशी गर्दी उसळते हे स्पर्धा घेणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, आणि नेमकी तीच गर्दी यादीबाहेर राहते.

रकाना दिसतो मजकुरासारखा, पण आत आकडा असेल तर त्याचे तुकडे करायला कात्री लागत नाही, अंकगणित लागतं. `A2` मध्ये मूळ नोंद असेल, तर तारखेसाठी पूर्णांक घ्यायचा आणि वेळेसाठी उरलेला दशांश:

```
=INT(A2)
=MOD(A2,1)
```

पहिल्या सूत्राने 45446 असा आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. त्या रकान्याला तारखेचा फॉरमॅट दिला की 3 जून दिसू लागतो, आणि दुसऱ्याला वेळेचा दिला की 14:35:12. चुकून वेळेच्या रकान्याला तारखेचा फॉरमॅट लागला, तर गूगल शीट्समध्ये 30 डिसेंबर 1899 उगवतो. कारण शीट्सचा शून्यावा दिवस तोच आहे. एक्सेल 1 जानेवारी 1900 ला 1 मानतो आणि 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवसही मोजतो. लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्रॅमची ही चूक त्याने जाणूनबुजून जपली, म्हणूनच 1 मार्च 1900 पासून पुढे दोन्हींचे आकडे जुळतात.

काही जण नुसता फॉरमॅट बदलून वेळ लपवतात. डोळ्याला फक्त तारीख दिसते, पण दशांश आत तसाच राहतो आणि मोजणी पुन्हा शून्यच येते.

फॉर्म चालू असताना आणखी एक अडचण येते. नवी नोंद आली की शीट नवी ओळ घालते आणि शेजारी खाली ओढून ठेवलेलं सूत्र तिथे पोहोचत नाही. म्हणून रिकाम्या रकान्याच्या अगदी पहिल्या ओळीत एकच सूत्र लिहावं, तेच शीर्षकही देतं आणि पुढच्या ओळीही भरतं:

```
=ARRAYFORMULA(IF(ROW(A:A)=1,"दिनांक",
 IF(A:A="","",INT(A:A))))
```

वेळेसाठी हेच सूत्र, फक्त `INT(A:A)` च्या जागी `MOD(A:A,1)` आणि शीर्षक बदलायचं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत फाइल डाउनलोड केल्यावर सुरू होते. फॉर्मवरून थेट उत्तरांची सीएसव्ही घेतली, तर नोंद साधारण `2024/06/03 2:35:12 PM GMT+5:30` अशी येते. शेवटच्या शेपटामुळे एक्सेल तिला आकडा मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायला `=ISNUMBER(A2)` लिहावं. `FALSE` आलं तर मजकूर. आधी कोणी मुद्दाम बदल केला नसेल, तर मजकूर कप्प्याच्या डाव्या कडेला चिकटतो आणि आकडा उजव्या.

अशा वेळी मात्र कात्रीच हवी. बहुतेकांचा हात ‘मजकूर तोडा’ या मेनूकडे जातो आणि ते रिकाम्या जागेवर तोडतात. त्यात `PM` तिसऱ्या रकान्यात जाऊन बसतो, आणि तो फालतू समजून पुसला की दुपारचे 2:35 पहाटेचे होतात. त्याऐवजी सूत्राने `PM` सकट वेळ उचलावी:

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))
=TIMEVALUE(MID(A2,12,FIND(" GMT",A2)-12))
```

याहून फसवी वाट आहे ती शीटमधून सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये उघडण्याची. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल तर फाइलमध्ये महिना आधी लिहिला जातो, आणि भारतीय सेटिंगचा संगणक पहिला आकडा दिवस समजतो. 3 जूनचा 6 मार्च होतो, 12 जूनचा 6 डिसेंबर. 13 जून आला की तेरावा महिना नसल्याने एक्सेल हात टेकतो आणि तो मजकूरच राहतो. म्हणजे रकान्यात वरच्या नोंदी उजवीकडे, 13 तारखेपासूनच्या डावीकडे, आणि 6 जून तेवढा योगायोगाने बरोबर. असा अर्धा-अर्धा रकाना दिसला की दुरुस्त्या करत बसू नये. मूळ शीटमधून `.xlsx` फाइल घ्यावी, तिच्यात आकडेच जातात आणि गोंधळच होत नाही.

वेळेचा पट्टाही एकदा तपासावा. शीटच्या `File` मेनूतील `Settings` मध्ये तो दिसतो. तिथे कॅलिफोर्नियाची वेळ लागली असेल, तर भारतात 20 जूनला सकाळी 10 वाजता भरलेला फॉर्म 19 जूनच्या रात्री 9:30 चा म्हणून नोंदला जातो. सेटिंग बदलल्याने आधी नोंदलेले आकडे सुधारत नाहीत, त्यांत उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवावे लागतात, आणि हे तोडण्याआधीच करायला हवं, नाहीतर वेळ सुधारते पण तारीख मागच्याच दिवसाची राहते:

```
=INT(A2+12.5/24)
=MOD(A2+12.5/24,1)
```

हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा साडेतेरा तास.

दोन रकाने झाले की दिवसवार संख्या आणि कोणत्या तासाला गर्दी होते हे पिव्हट टेबलमध्ये चटकन निघतं. पण मुदतीचा निवाडा त्यांच्यावर करू नये. वेळेच्या रकान्यात ‘6 नंतरचे बाद’ असं लावलं, तर 8 जूनला रात्री 9 वाजता नाव नोंदवणाराही बाद होतो. वेळेत कोण आलं हे मूळ रकान्यालाच विचारावं:

```
=A2<=DATE(2024,6,20)+TIME(18,0,0)
```

म्हणून दोन नवे रकाने तयार झाले तरी `Timestamp` पुसू नका. नजरेला खुपत असेल तर लपवून ठेवा.