म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो कसा वाचावा

कुत्रा म्हातारा झाला हे फोटोत सर्वांत आधी त्याच्या तोंडावरून कळते. हनुवटी आणि नाकाभोवतीचे केस पांढरे होतात, मग ती पांढरी छटा डोळ्यांभोवती पसरते. केसांच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी कमी झाल्याचा हा परिणाम. काळ्या लॅब्रॅडॉरमध्ये तो ठळक दिसतो, फिकट पिवळ्या रंगाच्या लॅब्रॅडॉरमध्ये जवळजवळ कळतच नाही. काही कुत्र्यांचे तोंड तर ऐन तारुण्यात पिकते. म्हणून पांढऱ्या केसांवरून तब्येतीचा अंदाज बांधू नये. खरी माहिती मागच्या पायांत आणि पाठीत असते, आणि तिकडे नजर सहसा उशिरा जाते.

समजा, एकाच काळ्या लॅब्रॅडॉरचे चौथ्या आणि अकराव्या वर्षी बाजूने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले आहेत. पहिल्यात मांडी भरलेली आणि गोलसर आहे, मागचे पाय शरीराच्या किंचित मागे टेकलेले आहेत आणि पाठ सरळ आहे. दुसऱ्यात मांडी चपटी झाली आहे आणि खुब्याचे हाड वर आलेले दिसते. वजन मात्र तेवढेच असू शकते, कारण स्नायू घटले तरी पोटावरची आणि बरगड्यांवरची चरबी ती तूट झाकते. दाट केसही झाकतात. अंघोळीनंतर अंग ओले असताना काढलेला फोटो जास्त खरे सांगतो. डोक्यावर, डोळ्यांच्या मागे खळगे पडले असतील तर स्नायूंची घट मागच्या पायांपुरती राहिलेली नाही, असे समजावे.

उभे राहण्याची ढब त्याहून बोलकी असते. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा दुखत असेल तर कुत्रा भार पुढच्या पायांवर घेतो. डोके खाली आणि पुढे येते, मागचे पाय पोटाखाली सरकतात आणि पाठीला बाक येतो. वापर कमी झाल्याने मांडी आणखी वाळते, आणि आधार गेल्याने सांध्यावरचा ताण वाढतो. हे वयाचेच आहे म्हणून सोडून देणे चुकीचे ठरते. सांध्यांच्या दुखण्यावर वजन कमी करणे, औषधे आणि बेताचा व्यायाम यांचा उपयोग होतो. मात्र माणसाची वेदनाशामक गोळी घरच्या घरी देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरते.

एकाच फोटोवर मात्र विसंबता येत नाही. निसरड्या फरशीवर निरोगी कुत्राही आखडून उभा राहतो, आणि वरून काढलेल्या फोटोत मागचा भाग उगाच बारीक दिसतो. त्यासाठी कॅमेरा कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर धरावा, त्याला न घसरणाऱ्या सपाट जमिनीवर उभे करावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच अंतरावरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. एकाच बाजूची मांडी वाळत असेल तर त्याच पायात दुखणे असण्याची शक्यता जास्त. असे फोटो, आणि झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या काही पावलांचा व्हिडिओ, पशुवैद्यांना दाखवावा. दवाखान्यात भेदरलेला कुत्रा लंगडणे बऱ्याचदा लपवतो.