पत्र्यामागे प्रभार नसतो

‘जमिनीला जोडलेल्या धातूच्या पत्र्यासमोर प्रभार ठेवला, की पत्र्यामागे तेवढ्याच अंतरावर उलट्या चिन्हाचा प्रभार तयार होतो.’ प्रतिमा पद्धत म्हणजे काय, असं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारलं की हे वाक्य हमखास येतं. पदवीच्या वर्गात येतं आणि एमएस्सीच्या तोंडी परीक्षेतही येतं. उत्तरपत्रिकेतल्या आकृतीत तर पत्र्याखालचं ऋण चिन्ह वरच्या खऱ्या प्रभाराइतकंच ठळक काढलेलं असतं. पण पत्र्यामागे काहीही तयार होत नाही. तिथे हवा असेल तर हवाच राहते, लाकडी टेबल असेल तर टेबलच राहतं. हा निव्वळ बोलण्यातला ढिलेपणा असता तर सोडून देता आला असता. पण पुढे ऊर्जा काढायची वेळ आली की याच समजुतीमुळे उत्तर बरोबर दुप्पट येतं.

म्हणून आधी तिथे खरोखर काय असतं ते पाहू. धातूचा एक खूप मोठा, सपाट पत्रा आडवा ठेवलेला आहे आणि तारेने जमिनीला जोडलेला आहे. त्याच्यावर ३ सेंटिमीटर उंचीवर १० नॅनोकूलोमचा धन प्रभार आहे. हा धन प्रभार धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांना ओढतो, जमिनीतून तारेवाटे आणखी इलेक्ट्रॉन येतात आणि पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागावर ऋण प्रभाराचा एक अतिशय पातळ थर जमतो. यालाच प्रवर्तित प्रभार म्हणतात. प्रभार q असेल, उंची d असेल आणि प्रभाराच्या थेट खालच्या बिंदूपासूनचं अंतर r असेल, तर या थराची घनता अशी असते:

σ = −q d / [2π (r² + d²)^(3/2)]

थर थेट खाली सर्वांत दाट असतो आणि बाजूला विरळ होत जातो. आपल्या उदाहरणात ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एकूण प्रवर्तित प्रभाराचा ४० टक्के भाग येतो. निम्मा हवा असेल तर सुमारे ५.२ सेंटिमीटरपर्यंत जावं लागतं आणि ९० टक्क्यांसाठी जवळजवळ ३० सेंटिमीटरपर्यंत. सगळा थर मोजला की बेरीज नेमकी −q भरते. ऋण प्रभार आहे, तो खरा आहे, पण तो पृष्ठभागावर पसरलेला आहे. ३ सेंटिमीटर खोल एका बिंदूवर गोळा झालेला नाही.

मग तो बिंदू आला कुठून? विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या शास्त्रज्ञाने, १८४०च्या दशकात ही युक्ती मांडली. मॅक्सवेलने १८७३च्या आपल्या ग्रंथात तिला एक स्वतंत्र प्रकरण दिलं. युक्ती अशी: आपल्याला फक्त पत्र्यावरच्या भागातला विभव हवा आहे. त्याच्यावर अटी मोजक्याच आहेत. त्या भागात q हा एकच प्रभार आहे, पत्र्यावर विभव शून्य आहे आणि फार दूर गेल्यावरही तो शून्याकडे जातो. आता कल्पनेत पत्रा काढून टाका आणि त्याच्या जागेच्या ३ सेंटिमीटर खाली −q ठेवा. पत्र्याच्या जागेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही प्रभारांपासून सारख्याच अंतरावर आहे, त्यामुळे तिथे विभव शून्यच येतो. दूरची अट पाळली जाते. वरच्या भागात q हाच एकटा प्रभार राहतो. या सगळ्या अटी पाळणारा विभव एकच असू शकतो, असं एकमेवतेचं प्रमेय सांगतं. म्हणून वरच्या भागापुरतं दोन्ही मांडण्यांचं उत्तर एकच असतं.

‘वरच्या भागापुरतं’ हेच बहुतेकांच्या हातून निसटतं. −q मुद्दाम अशा जागी ठेवला आहे जिथलं उत्तर आपण मागतच नाही. तोच प्रभार वरच्या भागात ठेवला असता तर पहिलीच अट मोडली असती.

एवढ्याने ज्यांचं समाधान होत नाही, त्यांनी पत्र्याच्या खालच्या बाजूला यावं. खाली विद्युतक्षेत्र शून्य असतं, कारण जमिनीला जोडलेला पत्रा वरच्या प्रभाराचा परिणाम पूर्ण अडवतो. पण पत्रा अडवतो म्हणजे काय करतो? q चं क्षेत्र धातूतून आरपार खाली येतंच. पृष्ठभागावरचा इलेक्ट्रॉनांचा थर खालच्या प्रत्येक बिंदूवर त्याला तंतोतंत छेद देणारं क्षेत्र निर्माण करतो. याचा अर्थ असा, की खालून पाहणाऱ्याला या थराचं क्षेत्र अगदी q च्या जागी, म्हणजे पत्र्याच्या ३ सेंटिमीटर वर, −q ठेवल्यासारखं दिसतं. वरून पाहणाऱ्याला तोच थर ३ सेंटिमीटर खाली −q असल्यासारखा दिसतो. सपाट थराचं क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखंच असल्यामुळे हे ओघानेच येतं. एकाच थराच्या या दोन ‘जागा’. प्रतिमा-प्रभार खरोखर कुठेतरी बसलेला असेल, तर तो यांपैकी कुठे बसला आहे? दोन्हीपैकी कुठेच नाही. आरशातल्या प्रतिमेसाठी आरशामागची भिंत कुणी खोदत नाही, तसंच हे आहे.

आता ऊर्जेकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं. प्रभारावरचं बल प्रतिमेवरून थेट काढता येतं. q जिथे आहे तिथलं थराचं क्षेत्र आणि प्रतिमेचं क्षेत्र एकच आहे. दोघांतलं अंतर 2d, म्हणून बल

F = q² / [4πε₀ (2d)²]

आपल्या उदाहरणात हे सुमारे ०.०००२५ न्यूटन येतं, पत्र्याच्या दिशेने. इथपर्यंत सगळं बरोबर असतं. यानंतर विद्यार्थी दोन बिंदुप्रभारांच्या ऊर्जेचं सूत्र उचलतो, त्यात 2d अंतर घालतो आणि −१५ मायक्रोज्यूल लिहून मोकळा होतो. बरोबर उत्तर −७.५ मायक्रोज्यूल आहे. ग्रिफिथ्सच्या पाठ्यपुस्तकात हा निम्मेपणा स्पष्ट सांगितलेला आहे. तेच पुस्तक वाचून आलेली मुलंही दुप्पट उत्तर लिहितात, याचं वाईट वाटतं.

निम्मं का, हे पडताळायला कुठलंही प्रमेय लागत नाही. प्रभार अनंतापासून हळूहळू खाली आणा आणि वाटेतलं काम मोजा. पत्र्यापासून z उंचीवर असताना बल q²/(16πε₀z²) असतं. त्याची अनंतापासून d पर्यंत बेरीज केली, की ऊर्जा मिळते:

W = −q² / (16πε₀d)

दोन खरे प्रभार असते आणि खालचा −q आपल्या जागी खिळलेला असता, तर z उंचीवरच्या q पासून त्याचं अंतर z + d असतं. इथे ते अंतर 2z आहे, कारण q हलला की प्रतिमाही हलते. q लांब असताना ती तितकीच खोल असते. त्यामुळे शेवटचा बिंदू सोडला तर सगळ्या वाटेवर बल खिळलेल्या जोडीपेक्षा कमी असतं, आणि एकूण काम निम्मं भरतं. धातूत सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी आपल्याला वेगळं काम करावं लागत नाही, कारण ते शून्य विभवावरच फिरतात. क्षेत्राकडे पाहिलं तरी हाच हिशेब लागतो. दोन प्रभारांच्या मांडणीत क्षेत्र वर आणि खाली सारखंच पसरलेलं असतं. पत्र्याच्या मांडणीत ते फक्त वरच असतं.

हा कागदावरचा वाद नाही, प्रयोगाने तो तपासता येतो. तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तेव्हा प्रत्येकाला धातूतल्या आपल्याच ‘प्रतिमेची’ ओढ सोसावी लागते. बाहेरून इलेक्ट्रॉनांना ओढणारं क्षेत्र लावलं की ही अडथळ्याची भिंत थोडी खचते. याला शॉट्कीचा परिणाम म्हणतात. क्षेत्र मीटरमागे १ कोटी व्होल्ट असेल, तर वरच्या निम्म्या ऊर्जेवरून भिंत ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खचायला हवी. दुप्पट ऊर्जा धरली तर ०.१७ ने. फरक किरकोळ वाटेल, पण विद्युतधारा या संख्येवर घातांकाने अवलंबून असते. २००० केल्व्हिनला पहिल्या हिशेबाने धारा सुमारे दुप्पट होते, दुसऱ्याने सुमारे पावणेतीनपट. धारेचा लॉगॅरिदम क्षेत्राच्या वर्गमुळासमोर मांडला की सरळ रेषा मिळते आणि टंगस्टनवर मोजलेला तिचा उतार निम्म्या ऊर्जेच्या बाजूने कौल देतो.

बाकीचे गैरसमज एवढा वेळ घेत नाहीत.

‘प्रतिमा पद्धत म्हणजे अंदाजे उत्तर.’ नाही. अमर्याद सपाट पत्र्यासाठी ते काटेकोर उत्तर आहे. अंदाज शिरतो तो पत्रा मर्यादित असल्यामुळे. वरच्या उदाहरणात ६० सेंटिमीटर रुंदीचा पत्रा घेतला, तर अमर्याद पत्र्यावर जो प्रभार जमला असता त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाला जागाच उरत नाही. कडांपाशी फरक दिसू लागतो, पण प्रभाराच्या थेट खाली सूत्र बरंच चांगलं चालतं.

‘जमिनीला जोडलं म्हणजे पत्र्यावर प्रभार उरत नाही.’ जमिनीला जोडल्याने विभव शून्य होतो, प्रभार नव्हे. उलट, तो −q जमिनीतूनच येतो.

‘प्रतिमा नेहमी तेवढ्याच प्रभाराची आणि तेवढ्याच अंतरावर असते.’ हे फक्त सपाट पत्र्यापुरतं खरं आहे. जमिनीला जोडलेल्या a त्रिज्येच्या गोलासमोर केंद्रापासून s अंतरावर q ठेवला, तर प्रतिमा −qa/s इतकी, आणि केंद्रापासून a²/s अंतरावर येते.

‘मग कुठल्याही आकाराच्या वाहकाला प्रतिमा सापडतेच.’ काटकोनात जोडलेल्या दोन पत्र्यांना तीन प्रतिमा पुरतात. पण तोच कोन १२० अंशांचा केला, तर साध्या बिंदू-प्रतिमांनी काम भागत नाही. आरशांसारख्या उलटसुलट प्रतिमा घेत गेलं की त्यांतली एक खऱ्या प्रभाराच्याच भागात येऊन पडते, आणि मग पहिलीच अट मोडते.

‘प्रभार पत्र्याला टेकवला की बल अनंत होतं.’ सूत्र तसं म्हणतं, कारण त्यात धातूचा पृष्ठभाग काटेकोर रेघेसारखा मानलेला आहे. खऱ्या धातूत इलेक्ट्रॉनांचा थर काही दशांश नॅनोमीटर जाडीचा असतो. इलेक्ट्रॉन पृष्ठभागापासून १ नॅनोमीटरवर असताना प्रतिमेच्या सूत्राने त्याची ऊर्जा −०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते आणि ती विश्वासाने वापरता येते. अंतर त्या थराच्या जाडीएवढं झालं, की सूत्र सोडून धातूतल्या इलेक्ट्रॉनांचा पुंजयांत्रिकी हिशेबच करावा लागतो.