चूक कोणाची, हे विचारायचंच नाही

पश्चिम दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर इंडस्ट्रीजचा कारखाना होता. आवार ७६ एकरांचं. आत कॉस्टिक सोडा, क्लोरीन, सल्फ्युरिक अ‍ॅसिड, खतं, साबण अशी नाना उत्पादनं निघत, आणि भोवतालच्या तीन किलोमीटरांत सुमारे दोन लाख माणसं राहत. ४ डिसेंबर १९८५ रोजी या कारखान्यातली ओलियमची टाकी ज्या सांगाड्यावर उभी होती तो सांगाडा कोसळला आणि टाकी फुटली.

ओलियम म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड मुरवलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. उघड्यावर आलं की ते धुमसतं. त्यातून निघणारी वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळते आणि अ‍ॅसिडच्या बारीक थेंबांचं पांढरट धुकं तयार होतं. ते श्वासावाटे घशात आणि फुप्फुसांत जातं. त्या दिवशी हे धुकं वाऱ्याबरोबर वस्तीत पसरलं. अनेकांना त्रास झाला आणि तीस हजारी कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ दगावले. दोनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, एका नळाच्या सांध्यातून पुन्हा थोडी गळती झाली. भोपाळच्या त्या रात्रीला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं. दिल्लीकर किती हादरले असतील याची कल्पना त्यावरून करावी.

हा कारखाना वस्तीतून हलवावा अशी पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीच दाखल होती. गळतीनंतर दिल्लीचं विधी साहाय्य मंडळ आणि वकिलांची संघटना यांनी पीडितांच्या भरपाईसाठी अर्ज केले. तिथून पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला: घातक रसायनं साठवणाऱ्या कारखान्यातून वायू सुटला आणि शेजारच्या माणसाला इजा झाली, तर कारखान्याचा दोष दाखवल्याशिवाय त्याला भरपाई मिळू शकते का?

तोवर अशा वेळी वकील ज्या नियमाकडे बोट दाखवत तो इंग्लंडमधला आणि १८६८ सालचा होता. रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या जागेत पाण्याचा तलाव बांधून घेतला. खाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणीची विवरं होती. ती ठेकेदारांनी नीट बुजवली नाहीत. तलाव भरला, पाणी विवरांतून उतरलं आणि शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. रायलंड्सचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता, तरीही निकाल त्याच्या विरुद्ध गेला. जी वस्तू सुटली तर नुकसान करील अशी आहे ती आपल्या जागेत आणून ठेवणाऱ्याने ती सुटल्याची भरपाई द्यावी, असा तो नियम. कायद्याच्या पुस्तकांत याला कठोर दायित्व म्हणतात.

ऐकायला हा नियम कडक वाटतो, पण त्याला पळवाटा बऱ्याच होत्या. भूकंप-पुरासारखी दैवी आपत्ती आली, कोणा तिऱ्हाइताने वाईट हेतूने झडप उघडली, नुकसान झालेल्याची स्वतःचीच चूक होती, त्याची संमती होती किंवा कायद्यानेच ते काम करायला परवानगी दिली होती, यांतलं काहीही दाखवता आलं की मालक सुटत असे. शिवाय वस्तू मालकाच्या आवाराबाहेर गेली पाहिजे ही अट होतीच. म्हणजे कुंपणाच्या आत होरपळलेल्या कामगाराला हा नियम उपयोगाचा नाही. रासायनिक कारखान्याच्या बाबतीत या पळवाटा किती रुंद होतात ते पाहा. टाकी का फुटली याची कागदपत्रं कारखान्याकडे, नोंदवह्या त्याच्याकडे, इंजिनिअर त्याचेच. ‘कोणीतरी घातपात केला’ असं कंपनीने म्हटलं तर ते खोटं आहे हे रस्त्यापलीकडच्या भाडेकरूने कशाच्या आधारावर दाखवायचं? भोपाळच्या बाबतीत युनियन कार्बाइडने नेमका घातपाताचाच दावा केला होता.

२० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने हा इंग्लिश नियम बाजूला ठेवला. एकोणिसाव्या शतकात आखलेली चौकट आजच्या रासायनिक उद्योगाला पुरणारी नाही आणि भारतीय न्यायालयांनी आपल्या परिस्थितीला साजेसा नियम स्वतः घडवायला हरकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. घातक स्वरूपाचा उद्योग चालवणाऱ्याचं कर्तव्य निरपेक्ष आहे आणि ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. अपघातात कोणालाही इजा झाली, तर उद्योगाने भरपाई द्यायची. आपण सगळी काळजी घेतली होती, आपला हलगर्जीपणा नव्हता, हे उत्तर चालणार नाही. जुन्या नियमातला एकही अपवाद इथे लागू नाही. ‘कोणालाही’ या शब्दामुळे आतला कामगार आणि बाहेरचा रहिवासी हा भेदही गेला.

यामागचं न्यायालयाचं कारण मला पटतं, कारण ते दयेवर उभं नाही, हिशेबावर उभं आहे. धोक्याच्या धंद्यातून नफा मिळवायला समाजाने परवानगी दिली, ती या गृहीतावर की अपघाताचा खर्च उद्योग आपल्या इतर खर्चांत धरील. धोका ओळखण्याची, तो टाळण्याची आणि आधी सावध करण्याची साधनंही त्याच्याकडेच असतात. त्याला जोडूनच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: भरपाईची रक्कम उद्योगाच्या आकाराशी आणि ऐपतीशी जुळलेली हवी. उद्योग जितका मोठा आणि सधन, तितकी रक्कम अधिक, म्हणजे तिचा धाक राहील.

इतका मोठा नियम ज्या खटल्यात सांगितला गेला, त्यात ओलियमच्या पीडितांना सर्वोच्च न्यायालयाने स्वतः एक पैसाही ठरवून दिला नाही. श्रीराम ही खासगी कंपनी मूलभूत हक्कांच्या बाबतीत ‘राज्य’ या व्याख्येत बसते का, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला. ज्यांना नुकसान झालं असं वाटतं त्यांच्या वतीने विधी साहाय्य मंडळाने दोन महिन्यांत योग्य न्यायालयात दावे लावावेत, एवढं सांगून प्रकरण खाली पाठवलं. त्यामुळे नियम नुसता बोलून गेलेला की बंधनकारक, अशी शंका वकिलांना पुढे घेता आली आणि १९९१ साली भोपाळच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातूनही ती बोलली गेली. भोपाळची ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ मध्ये झाली ती या नियमाची कसोटी न लागताच. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक गाळाने नासल्या, त्या खटल्यात १९९६ साली न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी शंका मिटवली: १९८६ चा नियम बंधनकारक आहे.

आता ज्यांच्या घराच्या खिडकीतून रासायनिक कारखान्याची चिमणी दिसते त्यांच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. डोंबिवली, तळोजा, तारापूर, लोटे, कुठेही असा. या नियमाने तुमच्यावरचं एक ओझं काढलं, दुसरं तसंच ठेवलं. कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण आपल्याला इजा झाली आणि ती त्याच वायूने झाली, हे मात्र दाखवावंच लागतं. दावे बहुधा इथेच लंगडे पडतात. वायूचा दर्प एका दिवसात विरतो, खोकला मात्र दोन महिन्यांनी वाढतो, आणि तोवर कंपनीचा वकील ‘याला आधीपासूनच दमा होता’ असं म्हणायला मोकळा असतो. म्हणून त्याच दिवशीचा सरकारी दवाखान्याचा केस पेपर, त्यावर वायूच्या गळतीचा उल्लेख, नंतरच्या तपासण्यांच्या नोंदी आणि बुडालेल्या मजुरीचा कोणताही लेखी पुरावा जपून ठेवावा. त्या वेळी नोंद झाली नसेल तर नंतर ती उभी करता येत नाही.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो हे विशाखापट्टणममध्ये दिसलं. ७ मे २०२०, पहाटेची वेळ, टाळेबंदीमुळे एल. जी. पॉलिमर्सचा कारखाना बंद होता. एम-६ नावाच्या टाकीत स्टायरीन हा द्रव साठवलेला होता. स्टायरीन तापलं की त्याचे रेणू आपसांत जुळू लागतात, जुळताना आणखी उष्णता सोडतात आणि ती उष्णता पुढची जुळणी वेगाने करते. हे रोखायला द्रव थंड ठेवतात आणि त्यात ही जुळणी थोपवणारं रसायन घालतात. राज्य सरकारच्या चौकशी समितीला असं आढळलं की ते रसायन पुरेसं नव्हतं, थंड करणारी यंत्रणा रात्री चालवली जात नव्हती आणि तापमान टाकीच्या तळाशीच मोजलं जात होतं. वरचा थर तापत होता आणि तळचा आकडा ठीक दिसत होता. वाफ बाहेर पडून आर. आर. वेंकटपुरम या गावावर पसरली. झोपेतून उठून पळणारी माणसं रस्त्यात कोसळली आणि बारा जणांचा जीव गेला. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. त्या पहिल्या आदेशात ‘कठोर दायित्व’ हे जुनं नाव आलं. कायद्याच्या अभ्यासकांनी ताबडतोब बोट ठेवलं: जुन्या नियमाबरोबर जुने अपवादही मागच्या दाराने आत येतात. जूनमधल्या आदेशात लवादाने कंपनीचं दायित्व कठोर आणि निरपेक्ष असल्याचं म्हटलं. वर सांगितलेली निष्काळजीपणाची सगळी यादी भरपाईच्या प्रश्नासाठी खरं तर अनावश्यक आहे. टाकी उत्तम सांभाळलेली असती आणि तरीही वाफ सुटली असती, तरी कंपनीला पैसे भरावेच लागले असते. ती यादी लागते फौजदारी खटल्यासाठी. तिथे माणसाला तुरुंगात पाठवायचं असतं आणि त्यासाठी दोष सिद्धच करावा लागतो. ‘भरपाई दिली म्हणजे प्रकरण मिटलं’ असं कोणी सांगत आलं, तर या दोन वाटा वेगळ्या आहेत हे ध्यानात असू द्यावं.

दाद मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागत नाही. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला विमा काढणं सक्तीचं केलं आहे. अपघात झाल्याचं जिल्हाधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की त्यांनी खातरजमा करून जाहीर नोटिशीने अर्ज मागवायचे असतात. अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो आणि त्यात मालकाचा दोष लिहायची गरज नसते. या कायद्याने मिळते ती तातडीची मदत. मूळ कायद्यात मृत्यूसाठी ती अवघी २५,००० रुपये होती. पूर्ण भरपाईचा हक्क ती घेतल्याने जात नाही, मिळालेली रक्कम नंतरच्या भरपाईतून वजा होते एवढंच. त्या पूर्ण भरपाईसाठी हरित लवादाकडे जाता येतं आणि अपघाताच्या प्रकरणात लवादाने दोष न पाहता निर्णय द्यावा, असं २०१० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तिथेही मुदत पाच वर्षांचीच आहे, आणि भरपाईची मागणी करण्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून ती मोजतात.